स्क्रीनशॉट सांगतो त्यातलं किती खरं?

पुण्यात आता जर्मन शिकणारे पुष्कळ जण क्लासच्या जोडीला मोबाइलवरचं अ‍ॅपही वापरतात आणि आठवड्याचा स्क्रीनशॉट शिक्षिकेला पाठवतात. समजा, एका विद्यार्थिनीच्या स्क्रीनशॉटमध्ये आठवड्याचे ६४० गुण आहेत, स्ट्रीक ६० दिवसांची आहे, खाद्यपदार्थांच्या धड्यात ९६ टक्के उत्तरं बरोबर आहेत आणि चतुर्थी विभक्तीच्या, म्हणजे डाटिव्हच्या धड्यात ६८ टक्के. पाहणारा म्हणेल, मेहनत उत्तम आहे, फक्त व्याकरण कच्चं आहे.

आता रोजचे गुण पाहू. सोमवार ते शनिवार मिळून २२० आणि एकट्या रविवारी ४२०. डुओलिंगोसारख्या अ‍ॅपवर आठवड्याची स्पर्धा रविवारी संपते आणि काही मिनिटं दुप्पट गुण देणारी सवलतही असते. तेवढ्या वेळात जुने सोपे धडे भराभर उरकले की गुणांचा डोंगर उभा राहतो. खाद्यपदार्थांचे ९६ टक्के बहुधा तिथूनच आले, कारण तीच वाक्यं पुन्हा पुन्हा समोर येत होती. स्ट्रीकचंही तसंच. ‘स्ट्रीक फ्रीझ’ असेल तर एखादा दिवस अ‍ॅप न उघडताही आकडा टिकतो, आणि उघडलं तरी दोन-तीन मिनिटांचा एक धडा पुरतो. रोजची सवय लागली आहे, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ६८चा आकडा. पंधरा दिवसांपूर्वी त्याच विषयात ८४ टक्के होते. घसरण झाली का? त्या वेळी फक्त ‘mit’ होतं आणि दिलेल्या शब्दांतून वाक्य जुळवायचं होतं. आता ‘aus’, ‘bei’, ‘von’, ‘zu’ ही आले आणि वाक्य स्वतः टाइप करायचं आहे. ‘der Bus’ चं ‘mit dem Bus’ होतं, हे समोरच्या शब्दांतून ओळखणं सोपं असतं. कोरा रकाना भरताना ‘dem’ आपणच आठवावं लागतं. म्हणजे ती अवघड पायरीवर गेली आहे. शिवाय हे ६८ टक्के २५ प्रश्नांवरचे असतील, तर एका प्रश्नाने ४ टक्के हलतात. पुढच्या आठवड्यात ७६ झाले, तर फरक जेमतेम दोन उत्तरांचा. तेवढ्यावर कौतुकही करू नये आणि काळजीही.

म्हणून स्क्रीनशॉट पाठवताना विषयाचं नाव, किती प्रश्न सोडवले आणि प्रश्न कोणत्या प्रकारचे होते, हेही लिहून पाठवावं. चुकलेला प्रश्न अ‍ॅप धड्याच्या शेवटी पुन्हा विचारतं, त्यामुळे पहिल्या झटक्यात किती बरोबर आले ते वेगळं टिपलेलं बरं. मग दोन-तीन आठवडे तो धडा उघडायचाच नाही, आणि त्यानंतर डाटिव्हची दहा वाक्यं कागदावर, कुठलाही आधार न घेता लिहायची. बसने, मैत्रिणीबरोबर, डॉक्टरकडे, घरून असे रोजचे प्रसंग घ्यावेत. त्यातली सात-आठ बरोबर आली, तर स्क्रीनवर ६८ दिसत असले तरी पुढचा धडा खुशाल सुरू करावा.