अंदाजपत्रकाच्या प्रत्येक ओळीमागचे कारण

विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील विभागाकडे छोट्या संशोधनासाठी थोडा निधी असतो. त्यासाठी आलेले दोन-तीन पानी प्रस्ताव विभागीय समिती वाचते. समितीत बहुधा विभागप्रमुख आणि दोन-चार ज्येष्ठ प्राध्यापक असतात. कधी लेखा शाखेचा प्रतिनिधीही असतो. दिल्लीच्या मोठ्या निधीसंस्थेकडे जाणारा प्रस्ताव अनोळखी तज्ज्ञ वाचतात. इथले वाचक मात्र प्रयोगशाळेतील कपाटात काय आहे हेही जाणतात. विषयाचे महत्त्व ते सहसा मान्य करतात आणि प्रश्न विचारतात ते पैशांबद्दल: ही वस्तू कशाला, एवढीच का, आणि हा दर आला कुठून? या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजे अंदाजपत्रकाचे समर्थन. अंदाजपत्रकाचा तक्ता आकडे देतो आणि समर्थन त्या आकड्यांची कारणे देते.

हे कसे साधते ते पाहण्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या अनुभवातला प्रस्ताव घेता येईल. सांगलीसारख्या जिल्ह्यात एकीकडे नदीकाठचा बागायती ऊस आणि दुसरीकडे जिरायती माळ असतो. उसाला दिलेल्या नत्रखतांचा काही भाग पाण्याबरोबर जमिनीत झिरपतो आणि विहिरींच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपाने उतरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. बागायती भागातील १५ आणि जिरायती भागातील १५ विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये तपासायचे, असा हा प्रस्ताव आहे. विभागाची मर्यादा ६० हजार रुपयांची आहे. पुढचे दर केवळ उदाहरणादाखल, करासह धरलेले आहेत.

समर्थनाची सुरुवात रकमेपासून करायची नसते. आधी काम, मग त्या कामाला लागणारी संख्या, मग दर आणि शेवटी रक्कम असा तो क्रम आहे. या प्रस्तावात सगळे आकडे नमुन्यांच्या संख्येतून निघतात. एका फेरीत ३० विहिरींचे ३० नमुने होतात. मोजणी एकसारखी होते का हे तपासण्यासाठी दर १० विहिरींमागे एका विहिरीचा दुसरा नमुना घ्यावा लागतो. असे ३ वाढतात. बाटली, बर्फपेटी किंवा हाताळणी यांतून नायट्रेट मिसळत नाही ना, हे पाहण्यासाठी रोज एक शुद्ध पाण्याची बाटली सोबत नेऊन आणायची असते. तीन दिवसांच्या तशा ३ बाटल्या धरल्या की फेरीचे ३६ आणि दोन फेऱ्यांचे ७२ नमुने होतात. हा आकडा कार्यपद्धतीत ७२ आणि तक्त्यात ६० असेल, तर समितीला तो लगेच खटकतो आणि मग उरलेल्या आकड्यांवरचा विश्वासही डळमळतो.

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| वाहन | ६ दिवस × १४० किमी × १८ रु., चालक भत्ता ६ × ४०० रु. | १७,५२० |
| विद्यार्थी सहायक | १८ दिवस × ५०० रु. | ९,००० |
| क्वार्ट्झ क्युव्हेट | १ जोडी | ५,२०० |
| नमुना बाटल्या | ४० × ४५ रु. | १,८०० |
| रसायने, गाळण्या | ७२ नमुन्यांसाठी | ५,०३० |
| बर्फपेटी व बर्फ | १,९०० रु. + ६ × १५० रु. | २,८०० |
| बाहेरील तपासणी | ८ नमुने × १,२०० रु. | ९,६०० |
| आकस्मिक खर्च | एक जादा दिवस | २,९२० |
| एकूण | | ५३,८७० |

तक्त्यातील सर्वात मोठी रक्कम वाहनाची आहे आणि कात्री सर्वात आधी तिलाच लागते. ‘क्षेत्रभेटींसाठी प्रवास आवश्यक आहे’ असे लिहिल्याने ती वाचत नाही, कारण प्रवास लागतो हे समितीला ठाऊकच असते. शंका असते ती सहा दिवसांबद्दल: सगळ्या विहिरी दोन दिवसांत का उरकत नाहीत? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. पाण्यातील सूक्ष्मजीव नायट्रेटचे प्रमाण बदलू शकतात, म्हणून नमुना थंड ठेवून ४८ तासांत तपासावा लागतो. दिवसाला १० विहिरी झाल्या की पुढचे दोन दिवस प्रयोगशाळेचे. सहायकाचे १८ दिवसही इथूनच येतात: ६ दिवस विहिरींवर आणि त्या प्रत्येक दिवसामागे प्रयोगशाळेतले दोन, म्हणजे १२. एका कारणावर दोन ओळी उभ्या राहिल्या की समर्थन आपोआप आटोपशीर होते. प्रस्तावात ते असे लिहिता येते:

‘नमुने ४८ तासांत तपासणे आवश्यक असल्याने दररोज १० विहिरी याप्रमाणे प्रत्येक फेरीस ३ दिवस, दोन फेऱ्यांस ६ दिवस लागतील. विहिरी एसटी मार्गापासून दूर असून बर्फपेटी सोबत न्यायची असल्याने भाड्याचे वाहन प्रस्तावित आहे. दर स्थानिक वाहनचालकांच्या तीन दरपत्रकांपैकी सर्वात कमी दरानुसार.’

तीन वाक्यांत तिन्ही प्रश्न मिटतात. छोट्या प्रस्तावात एका बाबीला यापेक्षा जास्त जागा देण्याची गरज क्वचितच पडते. बाटल्या, बर्फ अशा किरकोळ बाबींना तर एकेक ओळ पुरते. बाटल्या ३६ लागतात, ४ फुटतुटीसाठी जादा आणि दुसऱ्या फेरीत त्याच धुऊन वापरायच्या, एवढे सांगितले की झाले.

क्वार्ट्झ क्युव्हेटची ओळ वेगळ्या कारणाने अडते. क्युव्हेट म्हणजे पाण्याचा नमुना भरून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायची छोटी चौकोनी कुपी. विभागात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, काचेच्या क्युव्हेटही आहेत आणि त्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे. मग ५,२०० रुपयांची नवी जोडी कशाला? नायट्रेट मोजायचे ते २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात. साधी काच हा प्रकाश शोषून घेते, क्वार्ट्झ तो जाऊ देते. म्हणजे जुन्या क्युव्हेटने हे मोजमाप होणारच नाही. समितीत इतर शाखांचे सदस्य असतील तर हे एक वाक्य निर्णायक ठरते. विभागाकडे जे आहे त्याचाही उल्लेख करावा: स्पेक्ट्रोफोटोमीटर, शुद्ध पाणी आणि काचसामान विभागाकडून उपलब्ध, त्यासाठी मागणी नाही. कपाटातली वस्तू पुन्हा मागितलेली नाही याची त्यातून खात्री पटते.

बाहेरील प्रयोगशाळेचे ९,६०० रुपये वाचताना ‘तपासणी विभागातच होणार आहे ना?’ असा प्रश्न हमखास येतो. अतिनील पद्धतीची मर्यादा उघड सांगणे हेच त्याचे उत्तर. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थही २२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात आणि नायट्रेट खोटेच जास्त दिसते. म्हणून तोच नमुना २७५ नॅनोमीटरला पुन्हा मोजतात. तिथे नायट्रेट जवळपास प्रकाश शोषत नाही, त्यामुळे जे दिसते त्यावरून सेंद्रिय पदार्थांची वजावट करता येते. मात्र ही वजावट मूळ मापाच्या सुमारे दहा टक्क्यांहून जास्त झाली तर पद्धतीवर विसंबता येत नाही. त्यासाठी प्रत्येक फेरीतील ४ नमुने आयन क्रोमॅटोग्राफीने तपासून घ्यायचे आहेत. सगळे ७२ बाहेर पाठवले तर ८६,४०० रुपये लागतील. ८ नमुन्यांत पडताळणी भागते, हे दाखवले की हाच खर्च काटकसरीचा ठरतो.

आकस्मिक खर्चाची ओळ बहुतेक प्रस्तावांत ठोकळ असते: ५ हजार, नाहीतर एकूण रकमेच्या दहा टक्के. नियम टक्केवारीची मुभा देत असले तरी ही रक्कमही कामाशी जोडता येते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस कोसळला तर एक दिवस वाया जाऊ शकतो. तो दिवस पुन्हा करायचा तर वाहनाचे २,५२० आणि चालकाचे ४०० असे २,९२० रुपये लागतील. तेवढेच मागितले आहेत. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ असे शीर्षक समिती सहसा खोडते, कारण त्यात काय येते हे कोणालाच सांगता येत नाही.

एकूण मागणी ५३,८७० रुपयांवर थांबते. मर्यादा ६० हजारांची आहे म्हणून प्रिंटर किंवा पेन ड्राइव्ह घालून ती गाठणे घातक, कारण नेमक्या ६० हजारांची बेरीज पाहिली की आकडे उलट्या दिशेने जुळवल्याचा संशय येतो. पाठवण्यापूर्वी प्रत्येक ओळ मनातल्या मनात खोडून पाहावी. ती गेल्यावर कोणता निष्कर्ष काढता येणार नाही, हे सांगता आले तर ओळ ठेवावी. सांगता आले नाही तर समितीने खोडण्याआधी आपणच खोडावी.

तरीही समिती पूर्ण रक्कम देईलच असे नाही. सरसकट वीस टक्के कपात झाली तर कोणतेच काम नीट होत नाही. म्हणून कपातीचा पर्याय प्रस्तावातच सुचवलेला बरा. इथे विहिरी ३० वरून २० केल्या की विहिरींवरचे दोन आणि प्रयोगशाळेतले चार दिवस कमी होतात. वाहनाचे ५,८४०, सहायकाचे ३,०००, बाटल्यांचे ५४० आणि बर्फाचे ३०० असे ९,६८० रुपये वाचतात आणि मागणी ४४,१९० वर येते. त्याची किंमतही सांगावी लागते: प्रत्येक गटात १० च विहिरी उरल्याने दोन भागांतील मोठा फरक तेवढा उठून दिसेल, लहान फरक निसटेल. शुद्ध पाण्याच्या बाटल्या किंवा बाहेरील पडताळणी मात्र कापायची नाही, कारण त्यांच्याविना उरलेल्या मापांवरही भरवसा राहत नाही.

शेवटचा मुद्दा तारखांचा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि न खर्चलेला निधी बहुधा परत जातो किंवा पुढे नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. मे आणि ऑक्टोबर एकाच आर्थिक वर्षात येतात, पण मंजुरी जुलैत मिळाली तर मेची फेरी हुकते. आधी ऑक्टोबर आणि मग पुढचा मे असा क्रम लावावा लागतो आणि काम दोन आर्थिक वर्षांत विभागले जाते. त्यामुळे कोणता खर्च कोणत्या महिन्यात होणार हे तक्त्याखाली लिहावे आणि दरपत्रकांची मुदत खरेदीच्या तारखेपर्यंत टिकते का तेही पाहावे. काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. मंजूर शीर्षे आणि प्रत्यक्ष बिले त्यात जुळवून दाखवावी लागतात, आणि एका शीर्षाचे पैसे परवानगीशिवाय दुसऱ्यावर खर्च झाले असतील तर हिशेब अडतो. म्हणून ज्या नावाने बिल येणार, त्याच नावाचे शीर्ष अंदाजपत्रकात पहिल्यापासून असावे.