स्टेजचं चित्र पाठवताय? आधी खुर्च्या मांडा!

व्हिडिओखाली डेकोरेटर मंडळींचा एकच प्रश्न सारखा येतो: गिऱ्हाईक चित्र बघून हो म्हणतं आणि लग्नाच्या दिवशी तोंड पाडतं, असं का? बहुतेक वेळा फुलं कमी पडलेली नसतात. चित्रातलं माप खोटं असतं.

वालावलसारख्या गावातलं घरचं लग्न घ्या. खळं ४० फूट रुंद, ६० फूट लांब आणि माटवाची उंची ११ फूट. स्टेज २० बाय १२, जमिनीपासून २ फूट वर. म्हणजे बॅकड्रॉप फार तर ८ फुटांचा. साडेपाच फुटी नवरा त्याच्यापुढे उभा राहिला की बॅकड्रॉप त्याच्या दीडपट दिसला पाहिजे. चित्रात तो तिप्पट दिसत असेल, तर ते शहरातल्या हॉलचं चित्र आहे, या खळ्याचं नाही.

आता पाहुणे. स्टेजपुढे आहेर-फोटोसाठी ८ फूट आणि मागे ४ फूट सोडा. उरलेल्या ३६ फुटांत तीन-तीन फुटांवर १२ रांगा बसतात. मधली वाट आणि दोन्ही कडा सोडून एका रांगेत १८ खुर्च्या, एकूण २१६. या खुर्च्या चित्रात हव्यातच, कारण स्टेज किती मोठं ते डोळ्याला त्यांच्यावरूनच कळतं.

चित्राचा आधार म्हणून शेवटच्या खुर्चीवर बसून, डोळ्याच्या उंचीवरून मोबाईलने रिकाम्या खळ्याचा फोटो काढा. मग लक्षात येईल की पुढच्या डोक्यांमागे स्टेजचा पायथा झाकलाच जातो. तिथे फुलं ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

डिझायनरला वर्णन असं द्या:

"मागे मोतिया रंगाचे चुणीदार पडदे, रुंदी २० फूट, उंची ८ फूट. दोन्ही बाजूंना २-२ फुटांचे झेंडूचे पट्टे, वर १ फुटाची झेंडू-अबोलीची झालर. मध्ये ६ फुटी सोफा, दोन माणसं उभी. पुढे १२ रांगा, मधोमध वाट. वर माटवाचं छत दिसू दे."

यात फुलं साधारण ४८ चौरस फूट होतात. अख्खी भिंत भरली तर १६०. भाव सांगताना हा फरक गिऱ्हाईकाला चित्रावर बोट ठेवून दाखवा. पडद्याला चुण्या हव्यात, तर कापड रुंदीच्या दुप्पट म्हणजे ४० फूट धरा. चित्रातला घोळ फुकट येत नाही!

लाईट मुहूर्त विचारूनच चित्रात घाला. उघड्या खळ्यात दुपारी साडेबाराला रंगीत लाईट दिसतच नाहीत. संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर समोरून, दोन्ही बाजूंनी वॉर्म व्हाइट द्या. निळ्या एलईडीत झेंडू काळपट पडतो आणि नवरीचा चेहराही. चित्रात मात्र तोच निळा रंग सुंदर दिसतो, म्हणून गिऱ्हाईक तो मागणारच. तेव्हा दुकानात एक झेंडूची माळ निळ्या बल्बखाली धरून दाखवा.