दोन बटणं दाबली, तिसऱ्याच खाटेचा आकडा लागला

एका वॉर्डात चार खाटा आहेत: ०, १, २ आणि ३. प्रत्येक खाटेपाशी बोलावण्याचं एक बटण आहे. ३ नंबरची खाट सर्वांत गंभीर रुग्णाची, त्याखालोखाल २, मग १, आणि शेवटी ०. नर्सच्या टेबलावर चार तारांऐवजी फक्त दोन तारा न्यायच्या आहेत आणि त्यांवर दोन दिवे लावायचे आहेत. डावा दिवा लागला तर दोन मोजायचे, उजवा लागला तर एक. दोन्ही लागले म्हणजे तीन. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मी विद्यार्थ्यांना बहुधा याच वॉर्डापासून सुरुवात करायला लावतो, कारण इथे होणारी पहिली चूक फार बोलकी असते.

पहिलं मंडल सगळेच सारखं जोडतात. डावा दिवा २ आणि ३ या बटणांनी लागायला हवा, उजवा १ आणि ३ या बटणांनी. म्हणजे दोन ऑर गेट पुरेत. ऑर गेटच्या दोन इनपुटपैकी एकावर जरी १ असला, तरी आउटपुट १ येतो. एकेक बटण दाबून पाहिलं की सगळं ठीक चालतं आणि विद्यार्थी खूश होतात. मग मी १ आणि २ ही दोन्ही बटणं एकदम दाबायला सांगतो. २ मुळे डावा दिवा लागतो, १ मुळे उजवा लागतो, आणि टेबलावर आकडा दिसतो ३. ज्या खाटेवरून कुणी बोलावलंच नाही, तिकडे नर्स धावत जाणार.

यावर उपाय म्हणजे प्रायॉरिटी एन्कोडर, अर्थात अग्रक्रम पाळणारा एन्कोडर. त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: वरचा गप्प असेल तरच खालच्याचं ऐकायचं. हा नियम गेटमध्ये बसवायला किती बदल करावा लागतो, ते पाहू. डाव्या दिव्याला हात लावायची गरज नाही. ३ आणि २ या दोघांच्याही आकड्यात डावा दिवा लागलेलाच असतो, त्यामुळे त्या दोघांत कुणीही जिंकलं तरी फरक पडत नाही. अडचण फक्त उजव्या दिव्याची आहे. १ च्या आकड्यात तो लागतो, २ च्या आकड्यात लागत नाही. म्हणून २ दाबलेलं असताना १ चं बोलणं अडवायचं. २ ची तार नॉट गेटमधून उलटी करायची आणि १ च्या तारेबरोबर अँड गेटमध्ये घालायची. अँड गेट दोन्ही इनपुट १ असतील तेव्हाच १ देतं.

```
Y1 = D3 + D2
Y0 = D3 + D2'·D1
V  = Y1 + D1 + D0
```

इथे `+` म्हणजे ऑर, `·` म्हणजे अँड आणि `'` म्हणजे नॉट. आता १ आणि २ एकदम दाबले की Y1 होतो १, Y0 होतो ०, आणि आकडा बरोबर २ येतो.

तिसरी ओळ कशासाठी, हा प्रश्न पडेल. कुणीच बटण दाबलं नाही तर दोन्ही दिवे विझलेले असतात. ० नंबरच्या खाटेवरून बटण दाबलं तरीही दोन्ही दिवे विझलेलेच असतात. ‘सगळं शांत आहे’ आणि ‘शून्य नंबरचा रुग्ण बोलावतोय’ यांतला फरक त्या दोन दिव्यांत मावत नाही. तो सांगायला V ही तिसरी तार लागते. कुणीतरी बोलावतंय, एवढंच ती सांगते. सगळा हिशेब केला तर एक नॉट, एक अँड आणि दोन इनपुटची चार ऑर गेट लागतात. ७४३२ या आयसीत नेमकी चार ऑर गेट असतात, त्यामुळे ब्रेडबोर्डवर हे मंडल तासाभरात उभं राहतं.

आता वॉर्ड वाढला आणि खाटा आठ झाल्या. नवं मंडल पहिल्यापासून आखायची गरज नाही. असाच दुसरा चौघांचा संच करायचा. ४ ते ७ या खाटा वरच्या संचाकडे, ० ते ३ खालच्या संचाकडे. उत्तराला आता चारची किंमत असलेला तिसरा दिवाही लागतो. तो वरच्या संचाच्या V तारेवरूनच मिळतो, कारण वरच्या संचात कुणी बोलावत असेल तर उत्तर चार किंवा त्याहून मोठंच असणार. उरलेल्या दोन दिव्यांसाठी दोन्ही संचांची आउटपुटं ऑर करायची.

इथे पहिलीच चूक एक मजला वर चढून पुन्हा भेटते. समजा ६ आणि ३ या खाटांवरून एकदम बोलावणं आलं. वरच्या संचात ६ चा क्रमांक दोन, म्हणून तो देतो १०. खालचा संच ३ साठी देतो ११. दोन्ही सरळ ऑर केले तर ११ येतात, पुढे चारचा दिवा लागलेला आहेच, आणि वाचायला मिळतं १११, म्हणजे ७. पुन्हा तोच प्रकार, कुणी न बोलावलेली खाट. उपायही तोच. वरच्या संचाची V तार उलटी करून तिने खालच्या संचाची दोन्ही आउटपुटं अँड गेटमध्ये अडवायची.

```
Y2 = VH
Y1 = H1 + VH'·L1
Y0 = H0 + VH'·L0
V  = VH + VL
```

यात H म्हणजे वरचा संच आणि L म्हणजे खालचा. आता उत्तर ११०, म्हणजे ६ येतं. एका संचाच्या आत दोन तारांना लावलेला नियम इथे दोन संचांना लागला, एवढंच झालं. संच एकमेकांना जोडत जाण्याला कॅस्केडिंग म्हणतात. दोन संचांमध्ये परवानगीची एकच तार वरून खाली जाते.

बाजारात मिळणाऱ्या ७४१४८ या आयसीत आठ इनपुटचा असा एन्कोडर तयार असतो. परवानगी घ्यायला त्यात ईआय हा पिन आहे, पुढे द्यायला ईओ, आणि आपल्या V चं काम जीएस करतो. वरच्या आयसीचा ईओ खालच्या आयसीच्या ईआयला जोडला की सोळा इनपुट होतात. या आयसीत सगळा कारभार उलटा असतो, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. बटण दाबलं म्हणजे ०, आणि उत्तरही उलटं. ६ साठी ११० ऐवजी ००१ दिसतं. विद्यार्थी ‘सर, सहा दाबला तर एक येतोय’ म्हणत आले की आयसी जळलेला नाही, फक्त वाचायची रीत चुकली आहे, हे मी लगेच ओळखतो.

दुसरं मंडल दोन संख्यांची तुलना करणारं आहे, मॅग्निट्यूड कंपॅरेटर. ४३८५ मोठी की ४३२९, हे शाळेतलं मूल कसं ठरवतं? हजार सारखे, शतक सारखे, दशकात आठ आणि दोन, म्हणून पहिली मोठी. एककाकडे ते बघतही नाही. गेटनाही हेच करायला लावायचं. एका स्थानावर A चा बिट १ आणि B चा ० असेल तर त्या स्थानावर A मोठा. हे एक नॉट आणि एक अँड सांगतं. दोन्ही बिट सारखे आहेत की नाही, हे एक्सनॉर गेट सांगतं. सारखे असले की ते १ देतं. चार बिटांसाठी ‘A मोठा’ हे उत्तर असं लिहिता येतं:

```
G = A3·B3'
  + E3·A2·B2'
  + E3·E2·A1·B1'
  + E3·E2·E1·A0·B0'
```

E म्हणजे त्या स्थानावरची बरोबरी. ओळी वरून खाली वाचा. प्रत्येक खालच्या स्थानाला बोलण्याआधी वरच्या सगळ्या स्थानांची बरोबरी व्हावी लागते. १०११ आणि १००१ घ्या, म्हणजे ११ आणि ९. वरची दोन स्थानं सारखी, तिसऱ्यावर १ विरुद्ध ०, तिथे निकाल लागला आणि चौथी ओळ आपोआप शून्य झाली. हा वॉर्डातलाच नियम आहे. तिथे वरचा गप्प असावा लागत होता, इथे वरचा बरोबरीत असावा लागतो. खरं तर कंपॅरेटर म्हणजे दोन संख्या सर्वांत वर कुठे वेगळ्या पडतात ते शोधणारा प्रायॉरिटी एन्कोडरच आहे. ती जागा सापडली की तिथे १ कुणाकडे आहे, एवढंच बघायचं उरतं.

आठ बिटांसाठी दोन संच जोडताना मात्र एक महत्त्वाचा फरक येतो. एन्कोडरमध्ये परवानगी वरून खाली जात होती. चार बिटांची तुलना करणाऱ्या ७४८५ या आयसीत निकाल खालून वर चढतो. खालच्या आयसीची मोठा, समान आणि लहान ही तीन आउटपुटं वरच्या आयसीच्या तीन जोड-इनपुटांना जातात. वरच्या आयसीचे स्वतःचे चार बिट वेगळे निघाले तर तो खालच्याचं म्हणणं बाजूला ठेवतो. सारखे निघाले तर खालच्याचा निकाल जसाच्या तसा पुढे देतो. शेवटचं उत्तर वरच्याकडून घ्यायचं.

१०७ आणि १०९ या संख्या बिटांत ०११०१०११ आणि ०११०११०१ अशा होतात. वरचे चार बिट सारखे, खालच्यात ११ आणि १३, म्हणून खालच्याचा ‘लहान’ हा निकाल वर जाऊन तसाच बाहेर पडतो. आता ११२ आणि १११ घ्या, म्हणजे ०१११०००० आणि ०११०११११. खालचा आयसी म्हणतो ‘लहान’, कारण ० आणि १५. वरचा म्हणतो ‘मोठा’, कारण ७ आणि ६. वरचा खरा.

ही दुसरी जोडी मी मुद्दाम तपासायला लावतो. दोन आयसींचा क्रम उलटा जोडला गेला, तरी १०७ आणि १०९ ला उत्तर बरोबरच येतं, आणि चूक लपून राहते. ११२ आणि १११ दिल्यावर उलट्या जोडणीत उत्तर ‘लहान’ येतं आणि चूक उघडी पडते. संचांचा जोड तपासायचा असेल तर ज्या संख्यांवर दोन संचांचं एकमत होत नाही त्याच द्याव्यात. एन्कोडरसाठी ६ आणि ३ एकदम दाबून बघणं, ही तशीच चाचणी आहे.

सर्वांत खालच्या ७४८५ च्या खाली कुणी नसतो, तरी त्याच्या तीन जोड-इनपुटांना काहीतरी द्यावंच लागतं. ‘समान’ ला १ आणि बाकी दोघांना ० द्यायचा, म्हणजे ‘माझ्या खाली सगळं बरोबरीत आहे’ असं त्याला सांगायचं. कुणी तिन्ही पिन शून्याला जोडले तर वेगळ्या संख्यांवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. दोन सारख्या संख्या दिल्या की मात्र त्या आयसीची ‘मोठा’ आणि ‘लहान’ ही दोन्ही आउटपुटं एकदम १ होतात. असं दिसलं की थेट त्या तीन पिनांकडे जावं.

साखळी लांबवण्याला मर्यादा आहे ती वेळेची. सोळा बिटांना चार आयसी लागतात. खालच्या टोकाचा निकाल चौघांमधून चढत जातो, आणि तो पोहोचेपर्यंत वरचं उत्तर चुकीचंही असू शकतं. घाई असेल तर साखळी सोडून द्यायची. चारही आयसींना आपापले चार बिट एकाच वेळी तपासू द्यायचे. चौघांच्या ‘मोठा’ तारा ओळीने मांडल्या की चार बिटांची एक संख्या होते, ‘लहान’ तारांची दुसरी होते. या दोन संख्या पाचव्या ७४८५ ला द्यायच्या. जो संच सर्वांत वर वेगळा पडला असेल, त्याच्या जागी एका संख्येत १ आणि दुसरीत ० असतो, आणि त्याच्या वरच्या सगळ्या जागी दोन्हीकडे शून्य. त्यामुळे पाचव्याने दिलेला निकाल हाच सोळा बिटांचा निकाल ठरतो. एक आयसी जास्त लागला, पण वाट चार टप्प्यांवरून दोनवर आली. पाचव्याला आपण बिट तुलना करतोय की निकाल, हे माहीत नसतं. त्याच्यासाठी तेही चार बिटच, आणि वरचे बरोबरीत निघाले तरच तो खालच्याचं ऐकतो.