चढाला ओळखणारी बेरीज

क्रूझ कंट्रोलला पुढचा चढ दिसत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: चालकाने ठरवून दिलेला वेग आणि चाकांवरून मोजलेला प्रत्यक्षातला वेग. तरीही चांगल्या गाडीत चढ लागल्यावर वेगाचा काटा थोडा खाली येतो आणि पुन्हा ठरल्या जागी जाऊन थांबतो. हे कसे घडते, ते एका गाडीचा हिशेब मांडून पाहू.

माणसांसह 1200 किलो वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटरने चालली आहे. हवा आणि टायर मिळून तिला 400 न्यूटन जोराने मागे ओढतात, असे धरू. इंजिन चाकांवाटे तेवढाच जोर पुढे लावते, म्हणून वेग स्थिर असतो. वेग सेकंदाला एक मीटरने वाढला, तर हा विरोध साधारण 20 न्यूटनने वाढतो. गाडीचे गणिती प्रारूप इतकेच आहे: पुढचा जोर आणि मागची ओढ यांतला फरक भागिले वजन, म्हणजे वेगातला बदल.

आता 20 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ लागला. गुरुत्वाकर्षणाची सुमारे 590 न्यूटनची ओढ एकदम वाढली. अ‍ॅक्सिलरेटर होता तिथेच ठेवला, तर दहा सेकंदांत वेग ताशी 16 किलोमीटरने पडेल.

सर्वांत साधा उपाय म्हणजे वेग जितका कमी पडेल, त्या प्रमाणात जोर वाढवायचा. तूट सेकंदाला एक मीटर असेल, तर 600 न्यूटन जादा जोर द्यायचा. पण अशाने गाडी ताशी 76.6 किलोमीटरवर अडकते. तूट भरून निघाली, की जादा जोरही शून्य होईल; चढ तर अजून संपलेला नाही. जोर टिकवायचा तर तूट टिकायलाच हवी. प्रमाण वाढवून तूट कमी करता येते, संपवता येत नाही. शिवाय प्रमाण फार वाढवले, तर वेगमापकातली बारीकशी थरथरही थ्रॉटलला हलवू लागते.

म्हणून पीआय नियंत्रकात दुसरे पद जोडतात. ते आत्ताची तूट पाहत नाही. आतापर्यंतच्या सगळ्या तुटीची बेरीज करत राहते:

F = Kp·e + Ki·∫e dt

इथे F हा सपाट रस्त्यावरच्या 400 न्यूटनवरचा जादा जोर आणि e ही वेगातली तूट. Kp 600 आणि Ki 80 ठेवले, तर आपल्या गाडीचा वेग चार सेकंदांत ताशी अडीच किलोमीटरने उतरतो आणि वीस सेकंदांत जवळपास पूर्ण सावरतो. Ki 600 केले, तर वेग 80 च्या वर-खाली झोके घेऊ लागतो आणि गाडीतल्या माणसांना हिसके जाणवतात.

या बेरजेला एक सुंदर अर्थ आहे. वेगातली तूट गुणिले वेळ म्हणजे अंतर. शेजारून एक काल्पनिक गाडी न चुकता 80 ने चालली आहे असे समजा. आपली गाडी तिच्या किती मीटर मागे पडली, तेच ही बेरीज सांगते. इथे ती 7.4 मीटरवर थांबते, कारण 7.4 गुणिले 80 म्हणजे 590 न्यूटन: नेमकी त्या चढाची ओढ. वेगात तूट उरलेली नसते, तरी बेरजेत साठलेला जोर गाडीला चढावर धरून ठेवतो. न पाहिलेला चढ नियंत्रकाला असा कळतो.

धोकाही याच बेरजेत आहे. चढ दुप्पट तीव्र झाला, तर एकूण 1580 न्यूटन लागतील. टॉप गिअरमध्ये इंजिन 1300 च देऊ शकत असेल, तर थ्रॉटल पूर्ण उघडूनही वेग पडत राहील. मिनिटभरात गाडी त्या काल्पनिक गाडीच्या सुमारे 300 मीटर मागे पडते आणि बेरीज फुगत जाते. माथा ओलांडल्यावर वेग 80 वर पोहोचतो, तरी नियंत्रक थ्रॉटल सोडत नाही. त्याला आधी ते अंतर भरून काढायचे असते. चढ संपल्यावर गाडी ठरल्या वेगाच्या बरीच पुढे धावली, तर दोष इथे आहे हे ओळखावे. थ्रॉटल पूर्ण उघडलेले असेपर्यंत बेरीज गोठवणे हा त्यावरचा इलाज.

सौम्य चढ संपतानाही वेग क्षणभर ताशी अडीच किलोमीटरने वाढतो. तो मात्र दोष नव्हे. आता नको असलेले 590 न्यूटन बेरजेतून काढून टाकायचे, तर मागे पडलेले 7.4 मीटर भरून काढावेच लागतात.