न मागितलेली टिक

सिनेमाच्या तिकिटामागे एक रुपया. बुकमायशोवर तिकीट काढणाऱ्यांच्या बिलात ही रक्कम बरीच वर्षे आपोआप धरली जात होती. ती ‘बुकअस्माइल’ या त्यांच्याच धर्मादाय उपक्रमाला जायची. नको असेल तर काढून टाकण्याची सोय होती, पण त्यासाठी ती ओळ आधी दिसायला हवी. एका रुपयासाठी कोण बिल उलगडून बघतो? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने यात लक्ष घातले आणि मग हा रुपया ऐच्छिक झाला. आता तो द्यायचा असेल तर ग्राहकाने स्वतः निवडायचा.

यात देणगी वाईट, असे कोणी म्हटलेले नाही. आक्षेप होता तो निवड कोणी केली यावर. किराणा दुकानदाराने यादीत नसलेली अगरबत्तीची पुडी पिशवीत टाकली आणि ‘नको असेल तर परत करा’ म्हणाला, तर आपण त्याला चार शब्द सुनावू. मोबाइलच्या पडद्यावर मात्र हेच रोज घडते आणि आपण ‘पे नाऊ’ दाबून मोकळे होतो.

सरकारी भाषेत याला ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फसव्या मांडणीचे 13 प्रकार सांगितले आहेत आणि हा त्यांपैकी एक. पैसे भरायच्या वेळी ग्राहकाच्या संमतीशिवाय एखादी वस्तू, सेवा किंवा देणगी जोडली आणि त्यामुळे एकूण रक्कम वाढली, तर ते बास्केट स्नीकिंग. उदाहरण म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबर आपोआप जोडलेला प्रवास विमाच तिथे दिला आहे. त्याआधी, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतही स्पष्ट लिहिले होते की संमती ग्राहकाच्या स्वतःच्या कृतीतूनच यायला हवी, आधीच टिक केलेल्या चौकटीतून ती गृहीत धरता येणार नाही. म्हणजे कायदा नवा नाही आणि मोघमही नाही.

तरी टिका येतात. कारण साधे आहे. विम्याचा हप्ता विमा कंपनीचा असला तरी तो विकून देणाऱ्या साइटला त्यात वाटा मिळतो. तिकिटावरचा नफा स्पर्धेमुळे पातळ झाला, की कमाई अशा जोडसेवांतून काढली जाते. शिवाय जे आधीच निवडलेले असते, ते बहुतेक लोक तसेच राहू देतात. आळस हे त्याचे एक कारण झाले. दुसरे असे, की ‘आधीच टिक आहे म्हणजे ते लागतच असणार’ असे आपल्याला वाटते. टिक ही सूचना असल्यासारखी वाचली जाते, आणि ती तशी वाचली जावी अशीच मांडणी केलेली असते.

एक हिशेब मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, पण कोणत्याही बुकिंगमध्ये चित्र साधारण असेच असते. चौघांच्या कुटुंबाला पुण्याहून नागपूरला जायचे आहे. शोधताना तिकीट दिसले माणशी 4,600 रुपयांना, करांसह. चौघांचे झाले 18,400. नावे, वये, मोबाइल क्रमांक भरून शेवटच्या पानावर आलो, तर रक्कम आहे 21,802. वाढलेले 3,402 रुपये कुठून आले?

पडद्याच्या तळाशी एकूण रकमेजवळ एक छोटा बाण असतो. तो दाबला की बिल उलगडते. या बिलात कन्व्हीनिअन्स फी माणशी 350 प्रमाणे 1,400 आहे. प्रवास विमा माणशी 199, म्हणजे 796. ‘मोफत रद्द करा’ नावाची सोय माणशी 299, म्हणजे 1,196. आणि देणगी 10 रुपये. विमा आणि रद्द करण्याची सोय या पानावर ‘फक्त 199’ आणि ‘फक्त 299’ अशीच लिहिलेली होती, ‘प्रति प्रवासी’ हे शब्द खाली बारीक अक्षरांत. चार जणांनी गुणायचे काम आपल्यावर सोडलेले. तिन्ही टिका काढल्या की 2,002 रुपये कमी होतात आणि बिल 19,800 वर येते.

उरलेल्या 1,400 रुपयांचे काय? ते निघत नाहीत. कन्व्हीनिअन्स फी, प्लॅटफॉर्म फी, हँडलिंग चार्ज यांचा राग येणे स्वाभाविक आहे, पण ते बास्केट स्नीकिंग नव्हे. ऑर्डर पूर्ण करण्यासाठी लागणारे आणि खरेदीच्या वेळी उघड सांगितलेले शुल्क नियमांनी यातून वगळले आहे. ते आधी न सांगता शेवटच्या पानावर काढले, तर तो वेगळा गुन्हा. त्याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात आणि तोही त्या 13 प्रकारांत आहे. सोपी कसोटी अशी: बिलातली ओळ काढता येते का? काढता येत असेल आणि तुम्ही ती जोडली नसेल, तर ती कोणीतरी तुमच्या वतीने जोडली आहे.

म्हणून पाहायची गोष्ट चौकट नसून बेरीज आहे. पहिल्या पानावरचा दर गुणिले माणसे, एवढा आकडा डोक्यात ठेवा आणि पैसे भरण्याआधी एकूण रकमेशी ताडून बघा. फरक दिसला की बाण दाबा. चौकट शोधत बसलात तर फसाल, कारण आता टिक नेहमी टिकेसारखी दिसत नाही. कधी सरकवायचे बटण आधीच हिरवे असते. कधी ‘हो, संरक्षण हवे’ हा गोल आधीच भरलेला असतो. कधी भाड्याचे तीन प्रकार शेजारी मांडून विमा आणि रद्द करण्याची सोय असलेला मधला, महागडा प्रकार ‘शिफारस’ म्हणून निवडून ठेवलेला असतो. यात तर काढायला टिकच नसते, मागे जाऊन साधा प्रकार घ्यावा लागतो. आणखी एक खोड म्हणजे टिक परत येते. विमा काढला, मग एका प्रवाशाचे वय दुरुस्त केले किंवा कूपन लावले, की पान पुन्हा उघडते आणि विमा जागच्या जागी. त्यामुळे शेवटची बेरीज बघायची ती अगदी पैसे देण्याच्या क्षणी, त्याआधी नाही.

नकाराची जागा लपवण्यात कल्पकता किती असू शकते, याचे एक युरोपातले उदाहरण प्रसिद्ध आहे. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या साइटवर विमा घेताना राहण्याचा देश निवडावा लागे, आणि ‘विमा नको’ हा पर्याय त्या देशांच्या यादीतच, वर्णानुक्रमाने दडवलेला होता. तिथे तो शोधणार कोण! युरोपीय संघात 2014 पासून नियम कडक झाला. आधीच निवडलेल्या पर्यायातून जादा पैसे घेतले असतील, तर ते परत मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आपल्या मार्गदर्शक सूचनांत अशी थेट परतफेडीची तरतूद नाही. पैसे मागावे लागतात.

आपल्याकडे दडवण्यापेक्षा घाबरवण्यावर भर जास्त दिसतो. इंडिगोच्या साइटवर विमा नाकारताना ‘नको, मी धोका पत्करतो’ अशा अर्थाचे वाक्य निवडावे लागे. प्राधिकरणाने हटकल्यावर ते बदलून साधे नकाराचे वाक्य आले.

मग विमा घ्यायचाच नाही का? तसे नाही. आयआरसीटीसीवर रेल्वेच्या तिकिटासोबत मिळणारा ऐच्छिक विमा माणशी 45 पैशांचा आहे आणि अपघाती मृत्यूसाठी त्यात 10 लाखांचे संरक्षण आहे. तो घेतला तर बिघडत नाही. फक्त नंतर येणाऱ्या दुव्यावर वारसदाराचे नाव भरायला विसरू नका. विमानाच्या 199 रुपयांच्या विम्याबद्दल मात्र थोडे वाचून ठरवावे. विमान कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केले तर पैसे परत देणे किंवा दुसरे उड्डाण देणे ही तिचीच जबाबदारी आहे, त्यासाठी विमा लागत नाही. ‘मोफत रद्द करा’ या सोयीतही अटी असतात. उड्डाणाआधी किती तासांपर्यंत रद्द करता येते आणि कन्व्हीनिअन्स फी परत मिळते का, हे दोन प्रश्न विचारले तरी ‘मोफत’ किती मोफत आहे ते कळते.

देणगीचा प्रकार अधिक नाजूक, कारण टिक काढताना अपराधी वाटते. त्यातही लोकवर्गणीच्या साइटांवरची टिप लक्षात घ्या. कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी तुम्ही 2,000 रुपये देता आणि खाली साइटच्या खर्चासाठी म्हणून 15 टक्के टिप आधीच निवडलेली असते. खात्यातून 2,300 जातात, रुग्णापर्यंत त्यातले 300 जात नाहीत. ती यादी उघडून खाली गेलात तर ‘इतर’ असा पर्याय सापडतो आणि तिथे शून्य लिहिता येते. साइट चालवायला पैसे लागतात हे खरे, पण किती द्यायचे ते दात्याने ठरवायचे. अन्न मागवण्याच्या ॲपवरची टिप आणि लवकर पोहोचवण्याचे ‘प्रायॉरिटी’ शुल्कही असेच चिकटून राहते. पावसाच्या एखाद्या रात्री घाईत ते निवडले, की काही ॲप ती आवड लक्षात ठेवतात आणि पुढच्या ऑर्डरला ती न विचारता हजर होते.

पैसे गेलेच असतील तर पहिल्यांदा बिलाचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. विमा असेल तर प्रवास सुरू होण्यापूर्वीच पॉलिसीच्या ईमेलवर रद्द करण्याची मागणी करा, नंतर ती टिकत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिताना ‘मी हे निवडले नव्हते, ते आधीच निवडलेले होते’ एवढेच वाक्य पुरते. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि consumerhelpline.gov.in वर मराठीतूनही काम होते. फसवी मांडणी असलेल्या पानाचा पत्ता थेट कळवण्यासाठी ग्राहक व्यवहार खात्याचे ‘जागृती’ हे ॲप आहे. रक्कम दहा रुपयांची असली तरी तक्रार नोंदवा. प्राधिकरण एकेका माणसाचे दहा रुपये मोजत नाही, ते पान किती लोकांसमोर उघडते हे बघते.