पैठणीची विक्री आणि छायाचित्रांची यादी

पैठणी ऑनलाइन विकताना वर्णनात साधारण चार दावे असतात: हातमागावर विणलेला पदर, अमुक लांबी, धूपछाव रंग आणि शुद्ध रेशीम. छायाचित्रकाराला द्यायची यादी या दाव्यांवरून तयार होते. मॉडेलने नेसलेल्या साडीचा फोटो देखणा दिसतो, पण यातला एकही दावा तो सिद्ध करत नाही.

हातमागाचा दावा पदराच्या पाठीवर तपासता येतो. पारंपरिक विणीत पदरावरच्या प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच फिरतो आणि शेजारच्या धाग्यात गुंततो. त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. जॅकार्डवरच्या नकलेत मात्र पाठीमागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. म्हणून एकाच मोराचे पुढून आणि मागून, सारख्याच अंतरावरून दोन फोटो मागावेत. अंगावरच्या बुट्ट्यांचेही तसेच दोन फोटो वेगळे हवेत, कारण पदर हाताने विणलेला असला तरी बुट्टे जॅकार्डवर काढलेले असू शकतात.

मापावरूनही तक्रारी होतात. साडी सपाट टेबलावर न ताणता पसरावी आणि टेपचा शून्याचा टोक फोटोत दिसावा. सहा मीटर कापड एका चौकटीत वाचनीय दिसत नाही. त्यामुळे दर मीटरला दोऱ्याची खूण करावी आणि प्रत्येक फोटोत आधीची खूणही येऊ द्यावी. पन्हा दोन्ही टोकांना व मध्ये असा तीनदा मोजावा, पदराची लांबी वेगळी नोंदवावी. समजा, वर्णनात साडी 5.5 मीटर व ब्लाउजपीस 80 सेंटिमीटर, म्हणजे एकूण 6.3 मीटर लिहिले आहे आणि टेपवर 6.2 मीटर भरले. तर ब्लाउजपीसची सुरुवात दाखवणाऱ्या रेघेपासून दोन्ही भाग पुन्हा मोजावेत आणि वर्णनातला आकडा बदलावा. कापड ओढून वाढवलेले दहा सेंटिमीटर ग्राहकाच्या घरी पुन्हा आक्रसतात.

धूपछाव म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. एकाच फोटोत त्यातला एकच रंग उठून दिसतो, म्हणून त्याच घडीचे दोन कोनांतून फोटो घ्यावेत. फ्लॅश नको, त्याने जर पांढरी पडते आणि काठाची वीण दिसेनाशी होते. खिडकीतला मऊ उजेड पुरतो. पहिल्या फोटोत राखाडी कार्ड ठेवून त्यावरूनच रंग जुळवावा, नंतर रंग गडद करू नये.

शुद्ध रेशमाचा दावा कॅमेऱ्याने सिद्ध होत नाही. तिथे सिल्क मार्कच्या लेबलवरचा क्रमांक वाचता येईल असा जवळचा फोटो घ्यावा आणि लेबल त्याच साडीला लावलेले दाखवणारा दुसरा. लेबल नसेल, तर वर्णनातला ‘शुद्ध’ हा शब्द काढावा.