सोन्याचा आलेख उशिरा का बोलतो?

सोन्याच्या भावाच्या आलेखाखाली ‘मॅकडी’च्या दोन रेषा असतात. १२ दिवसांच्या सरासरी भावातून २६ दिवसांची सरासरी वजा केली की पहिली रेषा मिळते. तिचीच ९ दिवसांची सरासरी म्हणजे दुसरी, सिग्नल रेषा. पहिली दुसरीला छेदून वर गेली तर खरेदी, खाली आली तर विक्री, असं मानतात. मोजला जातो तो भावाचा जोर, भाव नव्हे!

या सरासऱ्यांत ताज्या भावाला जास्त वजन असतं. तरी आजच्या भावाचा वाटा १२ दिवसांच्या सरासरीत १५ टक्के, २६ च्या सरासरीत ७ च. बाकी सगळा जुना भाव.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि दहा ग्रॅममागे भाव एका दिवसात चार हजारांच्या आसपास उतरला. एवढ्या घसरणीचा पहिल्या रेषेवर परिणाम होतो जेमतेम ३२० रुपयांचा. सिग्नल रेषाही ६४ ने उतरते, म्हणजे दोघींतलं अंतर २५६ ने घटतं. आदल्या दिवशी पहिली रेषा ४०० ने वर असेल, तर त्या संध्याकाळीही आलेख ‘खरेदी’च म्हणणार. मोडीचा भाव मात्र सराफाने दुपारीच बदललेला असतो.